उभं राहण्याचा आवाज येत नाही

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) बहुतेकांनी पाहिलाय, त्यामुळे कथा सांगत बसत नाही. ती घडते नगरजवळच्या अकोळनेरात. मंजुळेंची पहिली शॉर्टफिल्म 'पिस्तुल्या'सुद्धा नगरच्याच न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना केलेली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण या सिनेमाबद्दल बोलताना माझ्या तोंडून नगरच निघतं.

मला बोलायचंय शेवटाकडच्या एकाच प्रसंगाबद्दल. जब्या, त्याचे वडील कचरू आणि घरचे सगळे डुकरामागे धावतायत. गावकरी गंमत बघतायत. डुक्कर हाताशी येतं, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागीच ताठ उभा राहतो. मग बाकीचेही. डुकराला राष्ट्रगीताचं काही नसतं, ते निसटतं.

आता हा प्रसंग कर्णबधिर प्रेक्षकाच्या बाजूने बघा. पळणारी माणसं अचानक पुतळे होतात. का, हे पडद्यावर कुठेच नाही. आता अंध प्रेक्षकाच्या बाजूने. धावपळीचे आवाज थांबतात, राष्ट्रगीत ऐकू येतं. पण उभं राहण्याचा आवाज येत नसतो, त्यामुळे डुक्कर सोडून सगळे सावधानमध्ये उभे आहेत हे त्याला कळत नाही. प्रसंगाचा अर्थ चित्र आणि आवाज यांच्या सांध्यावर आहे, आणि दोघांच्याही हाती एकेकच तुकडा येतो. म्हणून तयार सिनेमाला कॅप्शन्स आणि ध्वनिवर्णन जोडायचं काम कसं असतं, हे समजून घ्यायला मला हा प्रसंग सगळ्यात चांगला वाटतो.

आधी कॅप्शन. परदेशी महोत्सवात दाखवतात ती इंग्रजी सबटायटल्स इथे उपयोगाची नाहीत. ती ऐकू येणाऱ्या, पण मराठी न येणाऱ्या माणसासाठी असतात, त्यामुळे त्यांत फक्त बोलणं असतं. कॅप्शनमध्ये आवाजही लिहावे लागतात: कोणता, कुठून, आणि किती वेळ. या 'किती वेळ'वरच गाडी अडते. कॅप्शनची एक ओळ पडद्यावर साधारण सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवायची नाही, असा प्रघात आहे. तो पाळून 'राष्ट्रगीत सुरू होतं' असं लिहून ओळ काढून टाकली, तर बघणाऱ्याला वाटतं की ते संपलं. मग हे लोक अजून हलत का नाहीत? राष्ट्रगीताची पूर्ण धून साधारण ५२ सेकंदांची. सिनेमातली लांबी मोजून घ्यावी लागेल, पण पूर्ण धून धरून आणि शून्यापासून मोजून मी फाईल अशी लिहीन:

```
WEBVTT

00:00.000 --> 00:05.000
[शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं]

00:05.000 --> 00:50.000 line:8%
[राष्ट्रगीत सुरू आहे]

00:50.000 --> 00:53.000
[राष्ट्रगीत संपतं]
```

मधली ओळ पंचेचाळीस सेकंद राहते. तपासणारं सॉफ्टवेअर त्यावर लाल खूण करेल. करू दे. `line:8%` मुळे ती ओळ वरच्या कडेला जाते आणि खाली उभी असलेली माणसं झाकली जात नाहीत. राष्ट्रगीताचे शब्द मी लिहिणार नाही. शब्द आले की डोळे वाचायला जातात, आणि इथे बघायचं आहे ते न हलणाऱ्या माणसांकडे.

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्यातली एक गंमत. कॅप्शन वाचायला वेळ पुरतो की नाही, हे सेकंदाला किती अक्षरं येतात यावरून ठरवतात. पण बरीच साधनं युनिकोडचे तुकडे मोजतात. 'फँड्री' वाचताना आपल्याला दोनच अक्षरं दिसतात, फँ आणि ड्री. मशीनच्या लेखी ते सहा तुकडे: फ, चंद्रबिंदू, ड, हलन्त, र, आणि दीर्घ ई. इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा तशीच मराठीला लावली, की चांगली ओळही 'फार वेगवान' ठरते, मग कोणीतरी तिची काटछाट करतं आणि जब्याच्या घरातल्या बोलीची सपाट प्रमाण मराठी होते. चूक मोजपट्टीची असते, कात्री मात्र बोलीवर चालते.

आता ध्वनिवर्णन. यात वर्णन करणारा आवाज संवादांच्या मधल्या मोकळ्या जागांत बोलतो. या प्रसंगात अडचण उलटी आहे. जागा आहे, पण ती राष्ट्रगीताने भरलेली आहे. राष्ट्रगीतावर बोलायचं का? सुरू होण्याआधी सांगितलं, तर प्रेक्षकाला धक्का बसत नाही. संपल्यावर सांगितलं, तर प्रसंग निघून गेलेला असतो. म्हणजे मध्येच बोलायला हवं, आणि कमीत कमी. माझ्या वाचण्याच्या वेगाने सेकंदाला दोन-अडीच शब्द बसतात. पहिल्या ओळीनंतर तीन सेकंद: "जब्या जागच्या जागी ताठ उभा." थोड्या वेळाने: "कचरूही. डुक्कर निसटतं." त्यापुढे गप्प राहायचं. 'हताशपणे', 'नाइलाजाने' असले शब्द नकोत. बाकीच्या प्रेक्षकांना ते कोणी सांगितलेलं नसतं, त्यांचं त्यांना कळतं.

तयार सिनेमावर काम करताना हातात बहुधा एकच मिसळलेला ध्वनी असतो, संवाद-संगीत वेगळं नसतं. त्यामुळे वर्णन आलं की मागचा सगळाच आवाज सहा ते नऊ डेसिबलने खाली घेतात. इथे तो एकदम खाली घेतला, तर राष्ट्रगीत बंद झाल्यासारखं वाटेल. हळूच उतरवायचा आणि हळूच चढवायचा. बरोबर जमलंय का, हे पडदा बंद करून ऐकलं की लगेच समजतं.

याच सिनेमात याच्या उलट पेच टाकणारी एक जागा आहे. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात तेव्हा मागे शाळेची भिंत येते, आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं. 'दिसतं तेवढंच सांगा' हा नियम कोणी कोरडेपणाने पाळला, तर 'कोट-चष्मा घातलेल्या माणसाचं चित्र' असं वर्णन होईल. हे प्रामाणिक वाटतं, पण आहे अन्यायाचं. डोळस मराठी माणूस ते चेहरे क्षणात ओळखतो, म्हणून नावं सांगितलीच पाहिजेत. पण 'ज्यांनी जातीविरुद्ध लढा दिला' हे पुढे जोडलं, की वर्णन करणारा मास्तर होतो. नाव घ्यायचं आणि थांबायचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रसारमाध्यमं सुगम असावीत असं आहे, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. त्यामुळे फाईल जोडलेली असेल. पण 'कॅप्शन आहे का' या रकान्यात बरोबरची खूण पडली, म्हणून मधली पंचेचाळीस सेकंदं आपोआप भरत नाहीत. [संगीत] एवढंच लिहिलेली फाईलसुद्धा तपासणीत पास होऊ शकते.

आणि तो दगड. जब्या भिरकावतो, दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि सिनेमा संपतो. वर्णनात बहुतेक जण 'दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो' असं लिहितील. मी 'कॅमेरा' काढून टाकीन. डोळस प्रेक्षकाला त्या क्षणी कॅमेरा आठवत नसतो, त्याला वाटतं आपल्याला लागणार. म्हणून: "जब्या दगड मारतो. दगड आपल्याकडे येतो." सहा शब्द, अडीच-तीन सेकंद. दगड हातातून सुटायच्या आत यातले पहिले तीन तरी बोलून झाले पाहिजेत.