ग्रिमच्या नियमातला एक 'द'
ग्रिमचा १८२२चा नियम आपण तक्त्यासारखा पाठ करतो, आणि तिथेच फसतो बघा. जर्मानिक भाषांत मूळच्या प, त, क या स्पर्शांचे घर्षक झाले. म्हणून संस्कृत 'भ्राता', तर गॉथिक 'ब्रोथर'. थ इथे घर्षक, इंग्रजी 'थिंक'मधला. ठीक. पण 'पिता'तही त आहे. मग गॉथिकमध्ये 'फादर' का? ग्रिमने असले शब्द अपवादांत टाकले. ही त्याची खरी उणीव. १८७५मध्ये कार्ल व्हेर्नरने वैदिक स्वर तपासले: 'भ्राता'त उदात्त त-च्या आधी, 'पिता'त नंतर. लगेच आधी आघात नसेल, तर घर्षक सघोष झाला. पुढे जर्मानिकमध्ये आघात पहिल्या अक्षरावर स्थिरावला, कारण पुसलं गेलं. फरक मात्र जर्मन 'फाटर' आणि 'ब्रूडर'मध्ये आजही ऐकू येतो.