सुरळीच्या वडीचा एक परिच्छेद

आमच्या घरातल्या एका जुन्या वहीत सुरळीच्या वड्यांची कृती आहे. सगळी मिळून एकच परिच्छेद, आणि यादी नाहीच. ती अशी:

“वाटीभर बेसन घ्यावे. बेताचे आंबट ताक व पाणी मिळून तिप्पट घालून गुठळी न राहील असे कालवावे, त्यातच मीठ, हळद, हिंग व आले-मिरचीचे वाटण. मंद आचेवर सारखे ढवळीत राहावे, पीठ कढईची कड सोडू लागले की थोडे ताटाला लावून पाहावे, सुटले तर झाले, नाहीतर आणखी शिजवावे, झाले की लगेच तेलाचा हात लावून ठेवलेल्या ताटांवर पातळ सारवावे, थांबू नये. नारळ-कोथिंबीर पेरून पट्ट्या कापून गुंडाळाव्यात. वरून फोडणी व राहिलेले नारळ-कोथिंबीर.”

या कृतीची साहित्याची यादी आणि क्रमवार पायऱ्या करायच्या म्हटलं, तर पहिली अडचण प्रमाणांची वाटते. ती तशी किरकोळ आहे. “मिळून तिप्पट” म्हणजे ताक आणि पाणी एकत्र तीन वाट्या. ताक जास्त आंबट असलं तर वाटीभर ताकात दोन वाट्या पाणी, गोडसर असलं तर ताक वाढवायचं आणि पाणी तेवढंच कमी करायचं. “बेताचे” या शब्दात एवढाच हिशेब आहे, आणि तो यादीत एका ओळीत मावतो. मिरच्या किती हे ज्याच्या त्याच्या जिभेवर. हळद पाव चमचा, हिंग चिमूटभर.

खरी गंमत “तेलाचा हात लावून ठेवलेल्या” या शब्दांत आहे. लिहिणारी बाई ताटांवर पीठ सारवायचं सांगते आहे, आणि जाता जाता आपल्याला कळतं की ताटं केव्हाच तयार असायला हवी होती. एक अख्खं काम एका विशेषणात दडलं आहे. वहीतल्या बाईला त्याने काही बिघडत नाही, तिच्या ओट्यावर ताटं मांडलेलीच असतात. पण पहिल्यांदा करणारी मुलगी एका हातात पिठाचा डाव धरून या वाक्यापाशी येते आणि तेलाची बाटली शोधायला लागते. तेवढ्यात पीठ कढईतच घट्ट होतं. बेसन शिजताना त्यातला स्टार्च पाणी धरून फुगतो आणि निवायला लागताच जमतो. गरम असताना सारवलं तर पातळ थर बसतो, थोडं निवलं की गोळे येतात आणि मग कितीही चोळलं तरी ते पसरत नाहीत. म्हणून वाक्याच्या मध्यावर आलेलं हे विशेषण उचलून पहिल्या पायरीत न्यावं लागतं.

“राहिलेले नारळ-कोथिंबीर” याचीही तीच कथा. शेवटच्या ओळीत कळतं की आधी थोडं काढून ठेवायचं होतं. यादीत नारळ एकदाच लिहायचा, पण “दोन भागांत” असं म्हणून. तेलाचं तर आणखी विचित्र आहे. ते परिच्छेदात फक्त ताटाला लावण्यापुरतं येतं, फोडणीचं तेल आणि मोहरी “फोडणी” या एका शब्दात गडप आहेत. मराठी स्वयंपाकघरात हा शब्दच एक छोटी पाककृती आहे. यादी करणाऱ्याने तो उकलला नाही तर यादी अपुरी राहते.

साहित्य सुरुवातीला वेगळं मांडायची रीत फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टनने 1845 च्या पुस्तकात जिन्नस आणि वेळ कृतीच्या शेवटी गोळा करून दिले, आणि इझाबेला बीटनच्या 1861 च्या ग्रंथात ते कृतीच्या आधी आले. मला ॲक्टनची रीतही पटते. कृती वाचून झाल्यावर यादी तपासायची म्हणजे काही सुटलं का ते लगेच दिसतं. निदान यादी करणाऱ्याने तरी त्याच क्रमाने जावं: आधी पायऱ्या, मग त्यांतून जिन्नस वेचणं.

तसं केल्यावर हे हाती येतं:

साहित्य: 1 वाटी बेसन, 1 वाटी आंबट ताक, 2 वाट्या पाणी, 1 चमचा आले-मिरचीचं वाटण, पाव चमचा हळद, हिंग (पिठात आणि फोडणीत), मीठ, अर्धी वाटी खोवलेला ओला नारळ आणि मूठभर चिरलेली कोथिंबीर (दोन भागांत), ताटांना लावायला तेल, फोडणीला 2 चमचे तेल आणि मोहरी.

1. तीन-चार मोठ्या ताटांना तेलाचा हात लावून ओट्यावर मांडून ठेवा. नारळ-कोथिंबीर एकत्र करून त्याचे दोन भाग करा.
2. बेसनात थोडं ताक घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं ताक, पाणी, मीठ, हळद, हिंग आणि वाटण घाला.
3. मंद आचेवर न थांबता ढवळा. पीठ कढईची कड सोडू लागलं की थोडं तेल लावलेल्या ताटावर फासा. क्षणभराने अलगद सुटून आलं तर झालं, चिकटलं तर आणखी शिजवून पुन्हा पाहा. सुटलं की कढई उतरवून लगेच सगळं ताटांवर पातळ सारवा.
4. निवल्यावर एक भाग नारळ-कोथिंबीर पेरा, पट्ट्या कापा आणि गुंडाळा.
5. तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करून वड्यांवर घाला, दुसरा भाग वर पेरा.

तिसरी पायरी लांबलचक आहे, आणि ती मी मुद्दाम तोडलेली नाही. शिजवणं, पाहणं आणि सारवणं अशा तिचे तीन तुकडे सहज पडले असते, पण क्रमांक बदलला की वाचणारा श्वास घेतो, पुढचा आकडा शोधतो, कधी फोनकडेही बघतो. मूळ परिच्छेदातलं ते लांब, स्वल्पविरामांनी भरलेलं वाक्य पुन्हा वाचा. “झाले की लगेच... सारवावे, थांबू नये” इथे कुठेही पूर्णविराम नाही. वाक्य स्वतःच घाईत आहे, कारण हात घाईत आहेत. पायऱ्या करताना हा वेग सगळ्यांत आधी हरवतो. बाकीच्या चार पायऱ्यांना असा धोका नाही. पीठ कालवून पाच मिनिटं ठेवलं तरी चालतं.

आणखी एक गोष्ट मी घातली नाही, ती म्हणजे मिनिटं. “आठ-दहा मिनिटं शिजवा” असं लिहिलं की पायरी शास्त्रशुद्ध दिसते. पण आच, कढईची जाडी आणि ताकाचा दाटपणा यांनी वेळ बदलते, तेव्हा आकड्यावर विसंबलेल्या वड्या ताटाला चिकटून बसतात किंवा सारवायच्या आधीच गोळा होतात. वहीतल्या बाईने घड्याळाऐवजी ताटाची खूण दिली आहे, आणि तीच अचूक आहे. वेळ द्यायचीच असेल तर खुणेच्या मागून, कंसात.

परिच्छेदातून काही सुटलंही आहे. उदाहरणार्थ, पट्टी किती रुंद ते नाही. तीन-साडेतीन बोटं पुरे, हे मी जोडू शकते, पण ते माझं आहे आणि वहीतलं नाही, एवढा फरक लिहिताना ठेवावा.

तुमच्याकडे अशी वही असेल तर कृती उतरवायला बसण्याआधी पेन्सिलीने “ठेवलेले”, “राहिलेले”, “केलेले” या शब्दांखाली रेघा मारा. त्यांतलं प्रत्येक काम आधीच्या कुठल्या पायरीत जातं ते पाहा, आणि क्रमांक त्यानंतर घाला.