'डॉर्ड': शुद्ध पान आणि जुनी प्रत

वेब्स्टरच्या इंग्रजी कोशाच्या १९३४ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'डॉर्ड' म्हणजे घनता, अशी नोंद छापली गेली. मूळ चिठ्ठीवर 'डी ऑर डी' असे होते. थोरला वा धाकटा 'डी' हा घनतेचा संक्षेप होय, एवढेच तिचे म्हणणे. अक्षरे सलग वाचली गेली आणि शब्द जन्मला. त्याला व्युत्पत्ती नाही, हे १९३९ मध्ये एका संपादकाच्या ध्यानी आले. पट्टिका बदलण्याचा आदेश निघाला. नोंद गाळून उरलेली जागा भरण्यास शेजारची व्याख्या लांबविण्यात आली. पान शुद्ध झाले. परंतु आवृत्ती दुसरीच राहिल्याने जुनी प्रत बाळगणाऱ्यास हा बदल कळावा कसा? फिलिप गोव्ह या कोशकाराने १९५४ मध्ये ही हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली. सुधारित मुद्रण पुढच्या वाचकासाठी असते, शुद्धिपत्र मागच्यासाठी. म्हणून पहिल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही.