१२ सायकल्स म्हणजे उत्तर नव्हे

एम्बेडेड कंट्रोलवरच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘कॉर्टेक्स-एम४ची इंटरप्ट लेटन्सी १२ सायकल्स आहे, म्हणून सिस्टिम रिअल-टाइम आहे.’ मेमरीत वेट-स्टेट नसतील तर पहिला भाग बरोबर आहे. पण दुसरा त्यातून निघत नाही. १२ सायकल्स हा आकडा वाट मोकळी असतानाचा आहे.

उदाहरण घेऊ. घड्याळ १६८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १२ सायकल्सना साधारण ०.०७ मायक्रोसेकंद. कंट्रोल लूपचा टायमर दर १००० मायक्रोसेकंदांनी येतो आणि त्याचा हँडलर १२० घेतो. सोबत ११५२०० बॉडचा यूआर्ट आहे. त्यात एक बाइट ८७ मायक्रोसेकंदांचा, हँडलर ४ चा. डीएमए नाही.

‘कंट्रोल महत्त्वाचा’ म्हणून लोक त्याला वरची प्रायॉरिटी देतात. मग यूआर्टला १२० पर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात पुढचा बाइट येऊन धडकतो. तो हरवतो. पण मागोमाग बाइट येत असतील आणि पहिला बाइट कंट्रोल हँडलरच्या सुरुवातीच्या ३३ मायक्रोसेकंदांत आला तरच. त्यामुळे छोट्या चाचणीत सगळं ठीक वाटतं. `ORE` फ्लॅग मोजला की खरं कळतं.

प्रश्न महत्त्वाचा नसून मुदतीचा आहे. यूआर्टची मुदत ८७, कंट्रोलची १०००. म्हणून यूआर्ट वर हवा. त्याची किंमतही कमी: कंट्रोल चालू असताना जास्तीत जास्त दोन बाइट येतील, म्हणजे १२० चे १२८ होतील.

आता हे बघा:

```c
NVIC_SetPriorityGrouping(5);
NVIC_SetPriority(USART2_IRQn, 5);
NVIC_SetPriority(TIM2_IRQn, 6);
```

लहान आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, त्यामुळे टेबल अगदी बरोबर दिसतं. तरी बाइट हरवतातच! चिपमध्ये प्रायॉरिटीचे ४ बिट आहेत असं धरा. ग्रुपिंग ५ ठेवलं की त्यातले वरचे दोनच बिट प्रीएम्प्शन ठरवतात. ५ म्हणजे ०१०१, ६ म्हणजे ०११०. दोघांचे वरचे बिट ०१. गट एकच, म्हणून कोणी कोणाला अडवत नाही. उरलेले दोन बिट म्हणजे सबप्रायॉरिटी. दोघं एकदम रांगेत असतील तर आधी कोण, एवढंच ती ठरवते. ग्रुपिंग ३ केलं की चारही बिट प्रीएम्प्शनला मिळतात आणि यूआर्ट खरोखर मध्ये घुसतो.

अर्थात, नेस्टिंग आलं की सामायिक डेटाची जबाबदारीही येते. कंट्रोल हँडलर दोन बाइटची कमांड वाचत असताना मध्येच यूआर्टने ती बदलली, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी किंमत हाती येते.

म्हणून प्रबंध वाचताना प्रायॉरिटीच्या आकड्यांवर थांबू नका. ग्रुपिंग किती, प्रत्येक हँडलरची मुदत किती, आणि त्याच गटातला किंवा वरचा हँडलर त्याला किती वेळ रोखू शकतो, हे शोधा. ते नसेल तर लेटन्सीचा दावा अजून सिद्ध व्हायचा आहे.