झाडावरचा पोपट आणि झाडाला लागलेला पेरू

शालेय व्याकरणांत ‘त’ म्हणजे ‘इन’ आणि ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ अशी जोडी लावून दिलेली असते. ती अपुरी आहे, असे माझे नम्र मत आहे. टेबलावरचे पुस्तक आणि पेटीतले कपडे येथे ती बिनचूक चालते; म्हणूनच तिचा दोष ध्यानात येत नाही.

आता पेरूचे झाड पाहू. मराठीत पोपट झाडावर बसतो, पण पेरू झाडाला लागतात. पहिल्यात आधार आहे, दुसऱ्यात संलग्नता. हिंदी दोहोंस ‘पर’ लावते. म्हणून इंदूरकडील आपल्या मुलांच्या तोंडी ‘झाडावर पेरू लागले’ असे सहज येते. इंग्रजी फळास ‘ऑन’ म्हणते, पण पक्ष्यास ‘इन’. कारण फांद्यापानांचा घेर ती एक पोकळी मानते आणि पक्षी त्या घेराच्या आत असतो. मराठी विद्यार्थी तेथे ‘ऑन’ लिहितो. अंगठीच्या बाबतीत तो उलट चुकतो. आपण ती बोटात घालतो, इंग्रजीत ती बोटावर असते. तो मात्र ‘इन’ लिहून जातो.

हा निष्काळजीपणा नव्हे. विद्यार्थी शब्द नवा घेतो, पण सामावणे, टेकणे, जडणे यांच्या सीमा मातृभाषेच्याच ठेवतो. याची खूण अशी की, एका भाषेची मुले बहुधा एकाच जागी चुकतात. तेव्हा व्याकरणकाराने जोड्या देण्याऐवजी पोपट, पेरू आणि अंगठी शेजारी शेजारी मांडून दाखवावीत.