वेगाची पूजा, सत्तेची चाकरी

२० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकाच्या पहिल्याच पानावर इटालियन कवी फिलिप्पो मारिनेत्ती याचा जाहीरनामा झळकला. धावती मोटार प्राचीन ग्रीक शिल्पाहून सुंदर आहे, संग्रहालये मोडीत काढली पाहिजेत आणि युद्ध ही जगाची साफसफाई आहे, असा त्याचा सूर होता. भविष्यवादाचा जन्म असा वाजतगाजत झाला.

या वेडातून उत्तम कलाही निघाली, हे नाकारता येत नाही. उंबेर्तो बोच्चोनीने १९१३ मध्ये घडवलेली चालत्या माणसाची आकृती पाहिली की शरीर कुठे संपते आणि वारा कुठे सुरू होतो, ते कळत नाही. पण युद्धाची भाषा या मंडळींनी नुसती अलंकार म्हणून वापरली नव्हती. इटलीने पहिल्या महायुद्धात उतरावे म्हणून त्यांनी सभा गाजवल्या आणि १९१५ मध्ये मारिनेत्ती, बोच्चोनी आणि वास्तुरचनाकार सांत’एलिया स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेले. पुढच्याच वर्षी सांत’एलिया आघाडीवर मारला गेला आणि बोच्चोनी लष्करी सरावात घोड्यावरून पडून दगावला. मारिनेत्ती वाचला. १९१९ च्या निवडणुकीत तो मुसोलिनीच्या यादीतून उभा राहिला आणि सपशेल आपटला. संग्रहालये जाळायला निघालेला हाच माणूस १९२९ मध्ये मुसोलिनीने स्थापलेल्या राजमान्य अकादमीचा सदस्य झाला.

इटलीतला धोका उघड होता, कारण हिंसेची आवड जाहीरनाम्यातच लिहिलेली होती. रशियातली गोष्ट जास्त अवघड आहे.

तिथल्या रचनावाद्यांना युद्धाची हौस नव्हती. १९२१ मध्ये मॉस्कोत एकत्र आलेल्या अलेक्झांडर रॉदचेंको, वार्वारा स्तेपानोवा आणि त्यांच्या सोबत्यांचे म्हणणे असे, की भिंतीवर टांगायची चित्रे पुरे झाली, कलावंताने आता नव्या समाजाला लागणाऱ्या वस्तू घडवाव्यात. स्तेपानोवा आणि ल्युबोव पोपोवा यांनी कापडगिरणीसाठी कापडावरची नक्षी काढली. रॉदचेंकोने जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे, कामगार क्लबचे फर्निचर केले आणि कॅमेराही हाती घेतला. यात कलावंताचा अहंकार कमी आणि उपयोग जास्त होता. मात्र वस्तू कोणासाठी घडवायची, हे ठरवणारे गिऱ्हाईक हळूहळू एकच उरले, ते म्हणजे सरकार.

याचा परिणाम ‘बांधकामातला सोव्हिएत संघ’ या मासिकाच्या डिसेंबर १९३३ च्या अंकात दिसतो. विषय होता पांढरा समुद्र आणि बाल्टिक जोडणारा २२७ किलोमीटरचा कालवा. फोटो आणि मांडणी रॉदचेंकोची. खालून वर, वरून खाली तिरपा लावलेला कॅमेरा, कापून जोडलेले फोटो, पानभर पसरलेल्या माणसांच्या रांगा. त्याची सगळी हत्यारे इथे पुरेपूर वापरली आहेत. एका प्रसिद्ध फोटोत जलपाशाच्या कामावर मजूर खपताहेत आणि शेजारी बँड वाजतो आहे.

हे मजूर कैदी होते. एक लाखाहून अधिक माणसांनी हा कालवा वीसेक महिन्यांत खणला. सरकारी नोंदींप्रमाणेच बारा हजारांच्या आसपास कैदी मेले. खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. यंत्रयुगाची आरती ओवाळणाऱ्या या पानांमागचे काम झाले होते मुख्यतः फावडे, पहार आणि लाकडी ढकलगाड्यांवर. परदेशी यंत्रांवर पैसा खर्च करायचा नव्हता आणि माणसे फुकट होती. एवढे करून कालव्याची खोली साडेतीन मीटरच्या थोडी वर राहिली, त्यामुळे मोठी जहाजे त्यातून जाऊच शकत नव्हती.

रॉदचेंको हे सगळे पाहून आला होता. त्याच्या तिरप्या फोटोंवर ‘रूपवादा’चा ठपका त्याआधीच बसला होता, तेव्हा भीती हेही एक कारण असणार. पण १९३६ मध्ये त्याने लेख लिहून कैद्यांच्या ‘सुधारणे’चे कौतुक केले. त्या सुरात निव्वळ भीती ऐकू येत नाही. माणसालाही यंत्राच्या सुट्या भागासारखे घडवता येते, हा रचनावादाचा जुना विश्वासच तिथे बोलतो. तिरपा कोन अन्याय लपवतो असे नाही, पण हजारो देहांची त्यातून सुंदर नक्षी होते आणि एकेकाचा चेहरा वाचण्याची गरज उरत नाही.

पुढे चेहरेच गुन्हा ठरू लागले. सोव्हिएत उझबेकिस्तानच्या दहा वर्षांवर रॉदचेंको आणि स्तेपानोवाने सजवलेला ग्रंथ १९३४ मध्ये निघाला. त्यातले नेते १९३७ च्या धरपकडीत सापडताच, त्यांचे फोटो बाळगणेही जिवावर बेतणारे झाले. रॉदचेंकोने आपल्याच प्रतीतल्या चेहऱ्यांवर काळी शाई फासली. फोटोमोंताजचा दुसरा मोठा उस्ताद गुस्ताव क्लुत्सिस स्तालिनची पोस्टरे बनवत होता. त्याला फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

आज ही पोस्टरे आणि अंक संग्रहालयांत मांडले जातात आणि त्यांचे अक्षर, रंग, कोन यांवर भरभरून लिहिले जाते. ते कौतुक रास्त आहे, पण कालव्याच्या अंकाशेजारी ढकलगाडी आणि मृतांचा आकडा नसेल, तर त्या प्रदर्शनातला प्रेक्षक १९३३ च्या वाचकाएवढेच पाहून परततो.