एका गावातल्या तीन भाषा : नंदुरबार आणि ग्रामीण कथनातील बोली

मराठी ग्रामीण कथा-कादंबरीत बोली दोन कामे करते. पात्र कुठल्या भागातले आहे हे ती सांगते आणि त्या भागात त्याची पायरी कोणती हेही सांगते. पहिले काम मराठी लेखकांनी बहुतेक वेळा चांगले केले आहे, दुसरे मात्र अर्ध्यावर राहिले आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या बाबतीत हा अपुरेपणा ठळकपणे दिसतो. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तापीच्या काठची शेती, सातपुड्याचे डोंगर आणि गुजरातची सीमा यांच्यामध्ये इथे एका गावात तीन-चार भाषा नांदतात. कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतो, यावरून गावातले सत्तेचे संबंध समजतात.

बोलीचा वापर मराठी कादंबरीत मुख्यतः तीन पद्धतींनी झाला. पहिल्या पद्धतीत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) या पद्धतीचा नमुना आहे. तिथला निवेदक धनगरवाडीत आलेला तरुण शिक्षक आहे, म्हणून त्याची भाषा पुस्तकी आणि वाडीतल्या माणसांची माणदेशी असणे स्वाभाविक वाटते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (1960) निवेदक गोष्टीतले पात्र नाही. तिथे कौतिकच्या घरातले वऱ्हाडी बोलणे इतके भरघोस आहे की भोवतीचे प्रमाण मराठी निवेदन जेमतेम दुवे जोडण्यापुरते उरते. दुसऱ्या पद्धतीत निवेदनही बोलीत येते. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) शेतगडी नारबा आपली गोष्ट कागल परिसरातल्या बोलीत सांगतो. त्याच वर्षी आलेल्या रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त खेड्यातल्या शिंप्याची बायको मराठवाडी बोलीत निवेदन करते. तिसऱ्या पद्धतीत प्रमाण मराठीच्या वाक्यात बोलीची लय आणि शब्दकळा मुरवलेली असते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (1963) निवेदन या प्रकारात मोडते.

या तीन पद्धतींत बोलणाऱ्याचे स्थान वेगवेगळे ठरते. पहिलीत वाचक शिक्षकाच्या शेजारी बसतो आणि गावाकडे त्याच्या डोळ्यांनी पाहतो. बोली ऐकू येते, पण तिच्याविषयी विचार करण्याचा अधिकार दुसऱ्या भाषेकडे राहतो. ‘गोतावळा’त तो अधिकार गड्याकडे जातो. मळ्यातली जनावरे, त्यांची नाती आणि ट्रॅक्टर आल्यावर होणारी त्यांची वाताहत हे सगळे नारबाच्याच शब्दांत समजून घ्यावे लागते, कारण समजावून सांगणारा वरचा आवाज तिथे नाही. शेतमजुराची बुद्धी त्याच्या वाक्यरचनेतून प्रकट होणे ही मराठी गद्यातली मोठी घटना होती.

पण या बहुतेक कादंबऱ्यांत गावाला एकच बोली असते. पाटील, गडी, शिंपी, धनगर सगळे एकाच बोलीत बोलतात; फरक पडतो तो शिवीत, संबोधनात किंवा बोलण्याच्या ठसक्यात. दक्षिण महाराष्ट्रातल्या किंवा वऱ्हाडातल्या अनेक गावांना ही मांडणी पुष्कळ अंशी शोभते. तापीच्या उत्तरेला मात्र ती कोलमडते.

खानदेशची बोली म्हणून मराठी वाचकाच्या कानात बहुधा बहिणाबाई चौधरी असतात. 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि खानदेशी म्हणजे तीच, असा समज पसरला. पण ती जळगावकडची, पूर्व खानदेशातली लेवा गणबोली आहे. पश्चिमेला, म्हणजे धुळे-नंदुरबारकडे, अहिराणी आहे आणि तिचा सांधा गुजरातीशी जुळतो. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता 1907 साली भिली भाषांसोबत एका खंडात घेतले. जनगणनाही खानदेशी आणि भिली यांची नोंद मराठीपासून वेगळी करते.

हा फरक एका साध्या वाक्यात तपासता येतो. पाऊस ओढ देतो आणि कोरडवाहू शेतकरी म्हणतो : “वावरमा पानी नही शे, माले सुरतले जानं पडी.” प्रमाण मराठीत हे वाक्य “शेतात पाणी नाही, मला सुरतेला जावं लागेल” असे होईल. अर्थ पूर्ण आला, पण गाव हरवले. ‘वावरमा’मधला ‘मा’ गुजरातीच्या ‘खेतरमां’तल्या ‘मां’जवळचा आहे. ‘शे’ हे ‘छे’चे भावंड आहे. ‘जानं पडी’ची घडण गुजरातीच्या ‘जवुं पडशे’सारखी आहे, तिथे मराठी ‘लागेल’ म्हणते. ‘ले’ हा प्रत्यय मात्र वऱ्हाडकडेही आहे. तिकडचा माणूस ‘मले’ म्हणेल आणि हा ‘माले’ म्हणतो. म्हणजे हा माणूस सीमेच्या कुठल्या बाजूला उभा आहे आणि कामासाठी त्याला नाशिक-पुण्यापेक्षा सुरत जवळची का वाटते, हे त्याच्या व्याकरणातच नोंदलेले आहे. प्रमाण वाक्यात सुरत हे फक्त एका शहराचे नाव उरते. लेखकाला मग तीच माहिती निवेदनातून वेगळी पुरवावी लागते आणि कथेचा वेग तिथे मंदावतो.

स्थळाची ही हानी एका वाक्यात दिसते. वर्गाची हानी पाहायला मात्र पूर्ण प्रसंग लागतो. शहादा-तळोदा पट्ट्यात 1970च्या आसपास सुपीक जमिनींचा मोठा भाग गुजर आणि इतर बागायतदार शेतकऱ्यांकडे होता, आणि भिल्ल कुटुंबांतले पुरुष त्यांच्याकडे सालदार म्हणून वर्षाच्या कराराने राबत. मे 1971मध्ये शहाद्याजवळच्या पाटीलवाडीत गोळीबार झाला. त्यानंतरच्या काळात भूमिहीन आदिवासींची श्रमिक संघटना उभी राहिली. या काळावरच्या कादंबरीत एखादा सालदार पावसाळ्यात मालकाकडे खावटी मागायला जातो, असा प्रसंग हमखास येईल. खावटी म्हणजे उपासमारीच्या महिन्यांत मालकाकडून मिळणारे आगाऊ धान्य, जे पुढे मजुरीतून वळते होते. हा सालदार घरातून निघताना बायकोशी भिलीत बोलतो. मालक घरात गुजरीत बोलत असतो, पण सालदार दारात दिसताच अहिराणीवर येतो आणि सालदारही त्याच अहिराणीत उत्तर देतो. हिशेबाच्या वहीवर तलाठ्याची किंवा कोर्टाची बाब निघाली की दोघेही मोडक्या-तोडक्या प्रमाण मराठीकडे वळतात. त्यात मालकाची मराठी थोडी अधिक सराईत असते.

इथे प्रत्येक भाषाबदलात सत्तेचा व्यवहार घडतो. सालदार आपली भाषा सोडून मालकाच्या सोयीच्या भाषेत येतो. मालक गुजरी सोडतो तो नोकराला आपल्या घरापासून दूर ठेवण्यासाठी. मराठी आली की कागद आला, आणि कागद आला की सालदाराची बाजू लंगडी झाली. हा संवाद सरसकट प्रमाण मराठीत लिहिला तर दोन माणसे एका भाषेत धान्याचा भाव करताना दिसतील. सरसकट ‘ग्रामीण’ बोलीत लिहिला तरीही हानी तेवढीच होते. दोन्ही पात्रांना एकाच मुशीतले बोलणे दिले की मालक आणि सालदार यांच्यातले अंतर फक्त शब्दांच्या अर्थात उरते. म्हणून बोलीचा अभाव आणि बोलीचा ढोबळ वापर हे एकाच दोषाचे दोन प्रकार ठरतात.

संबोधनातही असेच घडते. भिली बोलींत आदरार्थी अनेकवचनाचा वापर प्रमाण मराठीच्या मानाने फार कमी आहे. आदिवासी माणूस अधिकाऱ्यालाही सहज एकेरीत हाक मारतो आणि त्यात उद्धटपणा नसतो. लेखकाने हे बोलणे मराठीत आणताना ‘तुम्ही साहेब’ केले तर पात्र लाचार होते. ‘तू’ तसाच ठेवला आणि भोवतीचे सगळे प्रमाण मराठीत असले तर ते भांडखोर वाटते. मूळ बोलण्यातली निखळ बरोबरी दोन्हीकडे नाहीशी होते. हा ‘तू’ पाड्यातला सगळ्यांसाठीचा आहे, हे आधीच्या प्रसंगांतून वाचकाच्या कानावर पडले असेल तरच तो तलाठ्यासमोर योग्य ऐकू येतो.

अशा बहुभाषी गावाचे चित्रण अशक्य नाही. शेजारच्या हिंदीत फणीश्वरनाथ रेणू यांनी 1954मध्ये ‘मैला आँचल’मधून पूर्णिया भागातले एक गाव अनेक आवाजांत मांडले. नंदुरबारच्या आदिवासींचा आवाज साहित्यात आधी आला तो कवितेतून. शहादा परिसरातले कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांचा भिली कवितांचा ‘गोधड’ हा संग्रह 1987 साली प्रसिद्ध झाला. पश्चिम खानदेशातल्या नजूबाई गावित यांनी ‘तृष्णा’सारख्या कादंबरीतून आदिवासी जगणे आतून मांडले. कवितेला एका आवाजाची शुद्धता पुरते. कादंबरीला मात्र परस्परविरोधी आवाज एका पानावर वागवावे लागतात, आणि या भागाच्या भाषिक गुंत्याला पुरी पडेल अशी कादंबरीची परंपरा अजून पातळच आहे.

यात खऱ्या अडचणी आहेत. पूर्ण अहिराणीत लिहिलेले निवेदन पुण्या-कोल्हापूरच्या वाचकाला काही पानांतच थकवते. भिलीतले तर त्याला कळतच नाही. दर शब्दाखाली अर्थ दिला की वाचन अडखळते. लेखनाची एकसारखी पद्धत नसल्याने ‘डोळा’ एका पानावर ‘डोया’ होतो आणि दुसऱ्यावर ‘डोळा’च राहतो, मुद्रितशोधक तो आपल्या परीने ‘सुधारतो’. प्रमाण निवेदनाचीही एक बाजू आहे : अनेक गावे, अनेक वर्षे आणि सरकारी निर्णय यांना एका धाग्यात ओवायला ते सोयीचे असते. म्हणून उपयोगी मार्ग बहुधा मधला असतो. निवेदन वाचकाला पेलेल अशा मराठीत, संवाद मात्र पात्रागणिक वेगळे, आणि भिलीचे मोजकेच शब्द, तेही प्रसंगातून उलगडतील अशा जागी.

बोली खरी की उसनी, हे ओळखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. उसनी बोली उच्चारांवर थांबते : ‘ण’चा ‘न’ होतो, ‘आहे’चे ‘हाय’ होते, वाक्यरचना मात्र शहरी राहते. हे बोलणे माणदेशातून उचलून अक्कलकुव्यात ठेवले तरी काही बिघडत नाही, आणि तेच त्याच्या खोटेपणाचे लक्षण आहे. दुसरी परीक्षा वर्गाची. मालकाचे वाक्य सालदाराच्या तोंडी घालून पाहावे. ते तिथेही जसेच्या तसे शोभत असेल, तर त्या संवादात स्थळ असले तरी समाज नाही. खऱ्या बोलीतले वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेले की अडखळते, कारण प्रत्यय, क्रियापद आणि संबोधन यांत बोलणाऱ्याचे गाव आणि त्याची पायरी दोन्ही पक्की बसलेली असतात.